वरच्या मजल्याचं लाइट बिल, भाडेवाढ आणि भाडेकरूला द्यायचं पत्र

प्रश्न: नाशिकला आमचं स्वतःचं घर आहे, वरचा मजला एका फॅमिलीला दिलाय. १ जून २०२३ पासून ३६ महिन्यांचं रजिस्टर्ड ॲग्रीमेंट, भाडं १४,०००, दर १२ महिन्यांनी ५ टक्के वाढ लिहिलीय पण आम्ही कधी वाढवलंच नाही. आता आजूबाजूला १८,००० चाललंय. मीटर एकच, वर सबमीटर लावलाय. ऑगस्टपासून लाइट बिलाचे फक्त २,००० दिलेत, पाच बिलांचे अर्धे केले तर १४,३३७ होतात. पुढच्या महिन्यापासून १८,००० आणि बिल भरा नाहीतर वरची लाइन बंद करू, असं पत्र द्यायचंय. कसं लिहू? बिलांचे आणि रीडिंगचे फोटो जोडलेत.

उत्तर:

तुमचे फोटो नीट बघितले, म्हणून आधी आकड्यांचंच सांगतो. १४,३३७ हा आकडा पत्रात टाकू नका, तो चुकीचा आहे. तुमच्याच कागदांवरून बाकी निघते ८,५७५. १८,००० पण टाकू नका, आत्ता तुम्हाला १५,४३५ च मागता येतील. आणि लाइन बंद करायचं वाक्य तर अजिबातच नको. मी नाशिकला बावीस वर्षं घरजागेची वकिली करतोय. माझ्याकडे आलेल्या अशा भांडणांत घरमालकाचे पैसे खरंच येणं असतात, पण पहिल्या पत्रात आकडा फुगलेला असतो आणि एक धमकी असते, मग समोरचा त्या दोनच गोष्टी धरून बसतो आणि खरे पैसे बाजूलाच राहतात.

आधी लाइट बिल, कारण खरी गडबड तिथे आहे.

तुम्ही पाचही बिलांची खालची मोठी रक्कम घेतली, बेरीज केली २८,६७५ आणि अर्धी केली. यात दोन चुका आहेत. पहिली, ऑक्टोबरचं बिल परत बघा. त्यावर एकूण देय १०,५२० छापलंय, पण त्यातले ५,००० म्हणजे सप्टेंबरचंच बिल, जे तुमच्याकडून वेळेत भरायचं राहिलं म्हणून मागची थकबाकी म्हणून पुढे आलं, आणि वर ६० रुपये विलंब आकार. म्हणजे ऑक्टोबरचं चालू बिल फक्त ५,४६० चं आहे. सप्टेंबरचे ५,००० तुमच्या बेरजेत दोनदा आले. महावितरणच्या बिलावर चालू देयक वेगळं आणि थकबाकी वेगळी दाखवलेली असते, वाटणी करताना नेहमी चालू देयक घ्यायचं, खालचा मोठा आकडा नाही. विलंब आकाराचे ६० रुपये त्यांच्यामुळे लागले असं तुम्हाला वाटत असेल, पण बिल तुमच्या नावावर आहे आणि करारात विलंबाबद्दल एक अक्षर नाही, साठ रुपयांसाठी पत्राला फट कशाला ठेवायची, सोडून द्या.

दुसरी चूक अर्धं अर्धं करण्याची. सबमीटर लावलाय, एक नोव्हेंबर सोडला तर दर महिन्याचे फोटो आहेत, करारात पण 'सबमीटरच्या रीडिंगप्रमाणे' असंच लिहिलंय. मग अर्ध्याचा हिशोब आला कुठून? वरचे लोक दोघंच नोकरीवाले, दिवसभर घर बंद, खाली तुम्ही पाच जण, तुमचा फ्रीज, तुमची पाण्याची मोटर. अर्धं करणं सोपं असतं म्हणून लोक करतात, पण करारात रीडिंग लिहिलं असेल तर रीडिंगच चालतं.

तर हिशोब असा करायचा. महिन्याचं चालू बिल भागिले बिलावरचे एकूण युनिट, म्हणजे त्या महिन्याचा सरासरी दर निघतो, त्याला सबमीटरच्या युनिटने गुणायचं. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क हे सगळं त्या सरासरीत आपोआप येतं, वेगळं वाटत बसावं लागत नाही. तुमचा ऑगस्ट: बिल ४,८७५, युनिट ३९०, म्हणजे साडेबारा रुपये. वरच्या सबमीटरचं रीडिंग ३४१२ वरून ३५८२ वर गेलं, १७० युनिट, झाले २,१२५. सप्टेंबरला ५,००० चं बिल, ४०० युनिट, परत साडेबाराच, वरचे १८० युनिट, २,२५०. ऑक्टोबर ५,४६० भागिले ४२० म्हणजे १३ रुपये, वरचे २०० युनिट, २,६००.

नोव्हेंबरचा फोटो तुमच्याकडे नाहीये. अशा वेळी लोक अंदाजे काहीतरी टाकतात, ते करू नका, नोव्हेंबर आणि डिसेंबर एकत्र धरा. दोन महिन्यांचं बिल ४,२०० अधिक ४,०८० म्हणजे ८,२८०, युनिट ३५० अधिक ३४० म्हणजे ६९०, दर १२ रुपये. सबमीटर ऑक्टोबरअखेर ३९६२ आणि डिसेंबरअखेर ४२६२, म्हणजे ३०० युनिट, ३,६००. सगळं मिळून १०,५७५. त्यातून त्यांनी सप्टेंबरमध्ये यूपीआयने दिलेले २,००० वजा. राहिले ८,५७५.

तुम्हाला वाटेल, साडेपाच हजारांहून जास्त पैसे गेले. गेले नाहीत, ते येणंच नव्हते. पण जे ८,५७५ आहेत त्यातला एकेक रुपया आता फोटोवर दाखवता येतो, आणि त्यांनी कॅल्क्युलेटर घेऊन बसलं तरी तेवढेच येतील.

आता पत्र द्यायच्या आधी एक काम करा, सबमीटर तपासून घ्या. पत्र मिळाल्यावर पहिलं उत्तर 'तुमचा सबमीटर फास्ट पळतो' असंच येतं, म्हणून ही टेस्ट त्यांच्यासमोरच करा, रविवारी सकाळी अर्ध्या तासाचं काम आहे. वरचं सगळं बंद करायचं, फ्रीजचा प्लग पण काढायचा, आणि सबमीटरवरचा लाल दिवा बघायचा. तो लुकलुकायला नको. लुकलुकत असेल तर वरच्या लाइनीवर अजून काहीतरी जोडलेलं आहे. मग खालची मोटर, खालचा गीझर, जिन्यातला दिवा एकेक करून चालू करा, तरी वरचा दिवा शांत राहिला पाहिजे. शेवटी वरचा फक्त गीझर लावा. दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास सलग चालला की एक युनिट पडतं, फक्त आधी गरम पाण्याचा नळ थोडा सोडून ठेवा नाहीतर थर्मोस्टॅट मधेच कट करतो आणि टेस्ट फसते. एकच्या जागी सव्वा-दीड युनिट दाखवलं तर मीटर बदला आणि हिशोबाबद्दल परत बोला.

हे इतकं सांगतोय कारण गंगापूर रोडच्या एका घराची केस माझ्याकडे आली होती, मी मालकाच्या बाजूने होतो. भाडेकरू वर्षभर म्हणत होता की आमचं एवढं बिल येऊच शकत नाही, मालक म्हणत होते सबमीटर खोटं बोलत नाही. मी स्वतः वायरमनला घेऊन गेलो. वरचं सगळं बंद, तरी सबमीटर पळतोय. खालची मोटर बंद केली आणि दिवा थांबला. बांधकामाच्या वेळी गच्चीवरच्या टाकीची एक अश्वशक्तीची मोटर जवळची लाइन म्हणून वरच्या मजल्यावरच जोडली गेली होती. रोज दीड तास मोटर, म्हणजे महिन्याला ४० युनिटच्या आसपास, आणि पाणी दोन्ही मजल्यांना. मालक प्रामाणिक होते, त्यांना खरंच माहीत नव्हतं, पण वर्षभराचे पैसे परत द्यावे लागले आणि तोपर्यंत बोलणं बंद झालेलं. ही टेस्ट आधी केली असती तर गोष्ट कोर्टाच्या दारापर्यंत आलीच नसती.

आता भाडं.

तुमचं ॲग्रीमेंट ३१ मे २०२६ पर्यंत आहे. तोपर्यंत करारात जे लिहिलंय तेच भाडं, बाजारात १८,००० चालू दे नाहीतर २५,०००. मधेच वाढवता येत नाही, जसं त्यांनाही बाजार पडला म्हणून मधेच कमी करता येणार नाही. लेखी लिव्ह अँड लायसन्स करारात जे लिहिलंय तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा, असं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ मध्येच आहे, हा कायदा तुमचं पण रक्षण करतो आणि त्यांचं पण. करारात दर १२ महिन्यांनी ५ टक्के आहे, म्हणजे जून २०२४ पासून १४,७०० आणि जून २०२५ पासून, १४,७०० वर ५ टक्के, १५,४३५. आज करारातला आकडा हाच आहे.

मागच्या फरकाचं काय? बेरीज केली तर जून २०२४ ते मे २०२५ चे ८,४०० आणि जून २०२५ ते जानेवारी २०२६ आठ महिन्यांचे ११,४८०, एकूण १९,८८० होतात. कागदावर हा हक्क दिसतो आणि मुदतीतही बसतो. पण वीस महिने तुम्ही १४,००० घेतलेत, एकदाही बोलला नाहीत, आणि तुमच्या पावत्यांवर 'या महिन्याचे पूर्ण भाडे मिळाले' असं लिहिलंय. समोरचा वकील त्या पावत्या ठेवेल आणि म्हणेल की मालकाने स्वतःच वाढ सोडून दिली होती. जिंकाल की हराल याची खात्री कोणीच देणार नाही. माझा सल्ला आहे की मागचं सोडा, आणि सोडतोय हे पत्रात स्पष्ट लिहा. त्यानंतर ते परत मागता येणार नाही हे लक्षात घेऊनच लिहा, घरात एकदा बोलून घ्या. पण जो माणूस १९,८८० लेखी सोडतो त्याचे ८,५७५ नाकारणं समोरच्याला फार अवघड जातं, हे मी बऱ्याच वेळा बघितलंय.

ते कदाचित '४ टक्क्यांच्या वर वाढ करताच येत नाही' असं म्हणतील, नेटवर सगळीकडे हे फिरतं. वर्षाला ४ टक्के वाढीचं ते कलम ११, ते पागडीसारख्या जुन्या संरक्षित भाडेकरूंच्या भाड्यासाठी आहे. लिव्ह अँड लायसन्समध्ये दोघांनी सही करून जी वाढ ठरवली ती चालते. शांतपणे करारातलं कलम दाखवा, वाद घालू नका.

१८,००० चं बोलणं १ जून २०२६ पासूनच्या नव्या करारासाठी ठेवा, आणि या पत्रात तो आकडा नको. या पत्राचं काम ८,५७५ आणणं आणि १५,४३५ सुरू करणं. १८,००० दिसला की ते म्हणणार, भाडं वाढवायचं म्हणून बिलाचं निमित्त काढलं.

लाइन बंद करण्याबद्दल एकदा सविस्तर सांगतो. भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम २९ प्रमाणे पुरेशा कारणाशिवाय मालकाला वीज-पाणी तोडता येत नाही. तुमच्याकडचे लोक भाडेकरू नाहीत, लायसन्सी आहेत, म्हणजे त्यांना जागा वापरायची फक्त परवानगी आहे, मग हे कलम त्यांना लागतं का यावर वकील भांडतील, पण रात्री अंधारात बसलेलं कुटुंब पोलीस स्टेशनला जातं तेव्हा तिथे कोणी कलमाची चर्चा करत नाही, तुम्हालाच बोलावतात. शिवाय बघा, खुद्द महावितरणला सुद्धा थकबाकीसाठी लाइन तोडायची तर वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि उलटं पण करू नका, म्हणजे चिडून बिल भरायचंच थांबवू नका. मीटर तुमच्या नावावर आहे, थकबाकी तुमच्या नावावर चढेल आणि लाइन गेली तर खालची पण जाईल. तुम्ही वेळेवर भरत राहा आणि त्यांच्याकडून वसूल करा.

पत्र मी असं लिहीन. 'भाडेकरू' हा शब्द मुद्दाम टाळलाय, तुमच्या मराठी करारात 'परवानाधारक' आणि 'मासिक शुल्क' असे शब्द आहेत, पत्रात पण तेच ठेवा. स्वतःच्याच पत्रात त्यांना भाडेकरू म्हणून मोकळे झालात तर उद्या तोच कागद ते तुमच्यापुढे ठेवतील.

दिनांक ५ जानेवारी २०२६

प्रति,
श्री. व सौ. (करारातील पूर्ण नावे),
पहिला मजला, (करारातील पूर्ण पत्ता), नाशिक

विषय: वीज बिलातील आपल्या हिश्श्याची बाकी आणि करारानुसार मासिक शुल्क

सप्रेम नमस्कार,

आपल्यात १ जून २०२३ ते ३१ मे २०२६ या मुदतीचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार आहे (दस्त क्रमांक व दिनांक). त्यासंबंधी दोन गोष्टी कळवत आहे.

पहिली, वीज बिल. करारातील कलम (क्रमांक) प्रमाणे सबमीटरच्या रीडिंगनुसार आपण वीज बिलाचा हिस्सा द्यायचा आहे. ऑगस्ट ते डिसेंबर २०२५ या काळात सबमीटरचे रीडिंग ३४१२ वरून ४२६२ झाले, म्हणजे ८५० युनिट. त्याचा हिशोब: ऑगस्ट १७० युनिट, दर १२.५० रुपये, २,१२५ रुपये. सप्टेंबर १८० युनिट, दर १२.५० रुपये, २,२५० रुपये. ऑक्टोबर २०० युनिट, दर १३ रुपये, २,६०० रुपये. नोव्हेंबर व डिसेंबर एकत्र ३०० युनिट, दर १२ रुपये, ३,६०० रुपये. एकूण १०,५७५ रुपये. आपण सप्टेंबरमध्ये दिलेले २,००० रुपये वजा जाता ८,५७५ रुपये बाकी आहेत. दर हा त्या महिन्याच्या चालू बिलाला एकूण युनिटने भागून काढला आहे, मागील थकबाकी आणि विलंब आकार यात धरलेला नाही. पाचही बिलांच्या आणि रीडिंगच्या फोटोंच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. ही रक्कम २० जानेवारी २०२६ पर्यंत द्यावी. एकरकमी जमत नसेल तर दोन हप्त्यांत द्या, पण तारखा लेखी कळवा. हिशोबात काही चूक वाटल्यास त्याच मुदतीत सांगा, आपण दोघे मिळून मीटरसमोर तपासू.

दुसरी, मासिक शुल्क. करारातील कलम (क्रमांक) प्रमाणे दर १२ महिन्यांनी ५ टक्के वाढ आहे. त्यानुसार सध्याचे शुल्क दरमहा १५,४३५ रुपये होते. आजपर्यंत मी १४,००० रुपयेच घेत आलो. जानेवारी २०२६ पर्यंतचा फरक मी मागत नाही. १ फेब्रुवारी २०२६ पासून मात्र दरमहा १५,४३५ रुपये द्यावेत.

कराराची मुदत ३१ मे २०२६ रोजी संपते. पुढील कराराबद्दल मार्चमध्ये बोलू.

आपला,
(सही व पूर्ण नाव)

सोबत: बिलांच्या ५ प्रती, रीडिंगच्या फोटोंच्या प्रती

एवढंच. यात 'अन्यथा कायदेशीर कारवाई' नाही हे तुम्हाला खटकेल. पहिल्या पत्रात ती ओळ नसावी असं माझं ठाम मत आहे, कारण १५ दिवसांनी पैसे आले नाहीत तर पुढची नोटीस वकिलाकडून जाणारच आहे आणि ती तेव्हाच जास्त लागते. 'हिशोबात चूक वाटल्यास' हे वाक्य कमजोर वाटलं तरी काढू नका. त्यांनी मुदतीत काही कळवलं नाही तर पुढे कुठेही तुम्हाला दाखवता येतं की संधी दिली होती, त्यांनी हरकत घेतली नाही.

पत्राच्या दोन प्रती काढा. एक हातात द्या आणि दुसरीवर 'मूळ प्रत मिळाली', तारीख आणि सही घ्या. सही दिली नाही तर भांडू नका, स्पीड पोस्टनं पोचपावतीसह पाठवा, घर वरचंच असलं तरी पाठवा. जुनी रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच मिसळली आहे, त्यामुळे काउंटरवर पोचपावती हवी असं वेगळं सांगावं लागतं. त्याच दिवशी पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाका, पण पत्र दिल्यावर तिथे चर्चा करत बसू नका. मी एका केसमध्ये बघितलंय, सुंदर पत्र दिलं आणि रात्री मालकाच्या मुलाने 'बघून घेतो' असा व्हॉइस मेसेज टाकला, पुढे सगळीकडे तो मेसेजच वाजत राहिला.

ते एक गोष्ट बरोबर बोलू शकतात, त्याची तयारी ठेवा. म्हणतील, आमचे १८० युनिट असताना आम्हाला साडेबारा रुपये का पडतात, वेगळं मीटर असतं तर कमी पडलं असतं. खरं आहे ते. घरगुती वीज १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्याच्या वर अशी टप्प्याटप्प्याने महाग होते. तुमचे २२० आणि त्यांचे १८० एकाच मीटरवर मिळून ४०० झाले, म्हणजे वरचे १०० युनिट तिसऱ्या टप्प्यात गेले, वेगळी मीटरं असती तर दोघंही ३०० च्या आत राहिले असते. हे नुकसान त्यांचं एकट्याचं नाही, तुम्ही पण दर महिन्याला ते सोसताय. यावर उत्तर असं द्या की आजवरचा हिशोब कराराप्रमाणेच राहील, पण पुढच्या करारापर्यंत आम्ही वरच्या मजल्यासाठी वेगळ्या कनेक्शनचा अर्ज करतो. वर वेगळी एन्ट्री आणि वेगळं किचन आहे, स्वतंत्र घर म्हणून अर्ज करता येतो, महावितरणचे साहेब येऊन बघून जातील. आणि तोपर्यंत सरासरी दराच्या वर एक रुपया पण घेऊ नका. काही मालक सरसकट '१५ रुपये युनिट' ठरवून टाकतात, ते म्हणजे वीज विकून नफा काढणं झालं, विजेचा धंदा करायला लायसन्स लागतं आणि घरमालकाकडे ते नसतं.

२० तारखेपर्यंत काहीच आलं नाही तर? डिपॉझिटमधून परस्पर कापू नका. करार चालू असताना डिपॉझिट कमी करत गेलात तर शेवटी घर सोडताना हातात काही राहत नाही, आणि तुमच्या करारात कपात फक्त ताबा परत देताना करायची आहे. ८,५७५ साठी आत्ता दावा टाकणं पण परवडत नाही. वकिलाची एक नोटीस द्या, आणि वेळ तुमच्या बाजूने आहे हे लक्षात ठेवा, कारण ३१ मे जवळ आहे. मुदत संपून पण त्यांनी जागा सोडली नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज जातो, तिथे साध्या दाव्यासारखी वर्षं जात नाहीत, समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत त्यांना बचावाची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाईची तरतूद आहे. तुमचं ॲग्रीमेंट रजिस्टर्ड आहे म्हणून हे सगळं सरळ आहे. त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची असते आणि ती केली नसेल तर अटींबद्दल समोरचा जे म्हणेल तेच धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. पुढचा करार पण नोंदवूनच करा, अकरा महिन्यांचा असला तरी.

आणि जानेवारीचं रीडिंग चुकवू नका. महावितरणचा माणूस तुमचं मुख्य मीटर ज्या दिवशी वाचतो त्याच दिवशी वरच्या सबमीटरचा फोटो घ्या, नाहीतर बिल ३० दिवसांचं आणि सबमीटर ३६ दिवसांचं असं होतं आणि युनिट जुळत नाहीत. बिलावर रीडिंगऐवजी घर बंद असा शेरा आला असेल तर ते सरासरी बिल असतं, त्या महिन्याचा हिशोब थांबवा आणि खरं रीडिंग आलं की दोन महिन्यांचं एकत्र करा, वर नोव्हेंबर-डिसेंबरचं केलं तसं. फोटो त्यांना त्याच दिवशी पाठवा, खाली फक्त 'आजचं रीडिंग' आणि आकडा, बाकी काही नाही. बिल आलं की हिशोबाची एक ओळ. मागच्या पाच महिन्यांत तुम्ही फोटो काढलेत पण त्यांना एकदाही पाठवले नाहीत, बिल आलं की जिन्यात भेटल्यावर तोंडी आकडा सांगितलात, आणि माझ्या मते त्यांनी २,००० देऊन गप्प बसायचं कारण पण तेच असावं, त्यांना आपलं नक्की देणं किती आहे हेच कळलेलं नाही.